कांदेपोहे: दार उघडल्यापासून पहिली वीस मिनिटं

पंचवटीकर · गुरुवार, रात्री ९:१०
रविवारी ताईला बघायला मंडळी येताहेत. पुण्याहून गाडीने नाशिकला, संध्याकाळी चारला पोचतो म्हणालेत. मुलगा, त्याची आई, मामा-मामी, मोठी बहीण, तिचे यजमान आणि त्यांचं चार वर्षांचं पोर. मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आमच्याकडे आई-बाबा, ताई, मी आणि ८२ वर्षांची आजी, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मध्यस्थ स्वतः येणार नाहीत.
पत्रिका, बायोडेटा सगळं झालंय. दोघांचं फोनवर जुजबी बोलणंही झालंय. अडचण वेगळीच आहे. बाबा फारसे बोलके नाहीत आणि आई घाबरली की सारखी आत-बाहेर करते. दार उघडल्यावर नेमकं काय बोलायचं, ओळख कोणी करून द्यायची, ताईने कधी बाहेर यायचं, नमस्कार कुणाकुणाला आणि दोघांना बोलायला कधी सोडायचं, एवढंच हवंय. दोन खोल्या, एक गॅलरी असा फ्लॅट आहे.

हिशोबनीस · रात्री ९:३२
पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या. कार्यालयाचा खर्च अर्धा-अर्धा, जेवणावळ मुलीकडे की दोन्हीकडे मिळून, मानपान करायचा की नाही. नंतर वाद नकोत.

पंचवटीकर · रात्री ९:३५
अहो, आम्ही अजून "या, बसा" पर्यंतच आलोय.

जुनंतेसोनं · रात्री ९:५८
सोपं आहे. मंडळी बसली की पाणी. पाण्यानंतर मुलीने पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायचं, प्रत्येकाला बशी द्यायची आणि मग सगळ्या थोरांना वाकून नमस्कार करायचा. मुलानेही तुमच्या आजीला वाकून नमस्कार करायला हवा. तो करतो की नाही यावरून घर कळतं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, यात नवीन काही शोधायला जाऊ नका.

मंडळातली · रात्री १०:४०
आमच्या वधूवर सूचक मंडळात हा प्रश्न दर रविवारी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनंतेसोनं यांचं आजीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, ट्रेचं मात्र चुकतंय. ट्रे हातात असला की नमस्कार करता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. मुलगी बाहेर येते, सगळे तिच्याकडे बघतात आणि तिच्या दोन्ही हातांत आठ बशा असतात. ती मान हलवून हसते, तेवढ्यात ओळखीचा क्षण निघून जातो. मग बशा वाटून झाल्यावर नमस्कार करायला जावं तर समोरच्याच्या हातात बशी. मामा एका हातात बशी धरून दुसऱ्या हाताने आशीर्वाद देतात, काकू बशी ठेवायला जागा शोधतात आणि शेंगदाणे सतरंजीवर. खाण्याच्या आधी सगळ्यांचे हात मोकळे असतात, तेवढ्यात नमस्कार आणि ओळख उरकायची. पाणी तुम्ही द्या, पोहे तुम्ही आणा. ताईने रिकाम्या हातांनी यायचं.

आता तुमच्या घरापुरतं सांगते. पुण्याहून ते निघणार, म्हणजे चाकणची कोंडी आलीच. चार म्हणजे साडेचार धरा, पाचही होतील. त्यांना आधीच सांगून ठेवा, "सिन्नरला पोचलात की एक फोन करा." तिथून तुमच्याकडे यायला पाऊण तास लागतो, त्यावर आतली सगळी तयारी बसवता येते. सोसायटीच्या फाटकाशी बाबा आणि तुम्ही दोघं खाली उतरून थांबा. गाडी कुठे लावायची हे दाखवताना जे बोलणं होतं, तेच पहिलं बोलणं. न बोलक्या माणसाला ते सोपं जातं, कारण बोलायला काहीतरी हातात असतं.

वर आल्यावर यजमान हमखास एक गोष्ट विसरतात. पाच तास गाडीत बसून आलेल्या माणसांना आधी मोरीकडे जायचं असतं आणि परक्या घरात ते कोणी विचारत नाही. म्हणून "बसा" म्हणण्याआधी आईने मुलाच्या आईला आणि मामींना सरळ म्हणावं, "हातपाय धुऊन घ्या, इकडे या." पोराला तर लगेच विचारा. नाहीतर ऐन बोलण्याच्या मध्यात ते रडायला लागतं, त्याची आई उठते आणि बैठक मोडते.

झणझणीत · रात्री ११:०५
आमच्या कोल्हापूरकडं पाहुणं आलं की दारातच "राम राम पाव्हणं, या" आणि पायावर पाण्याचा तांब्या. मुलगी पाटावर नाहीतर खुर्चीवर बसती, पदर घेऊन. मग पाहुण्यांतला जाणता विचारतो, "बाळ, नाव सांग. शिक्षण? मामाचं गाव?" झालं. तुमची शहरी भानगड लय मोठी.

निळीशाई · रात्री ११:२०
हातात बायोडेटा असताना "नाव सांग" म्हणणं अपमानच आहे. शाळेच्या तपासणीला साहेब आल्यासारखं.

मंडळातली · शुक्रवार, सकाळी ७:१५
निळीशाई, ऐकायला तसं वाटतं खरं. पण गावाकडे ते विचारणं माहितीसाठी नसतं. सगळ्यांसमोर मुलीला पहिल्यांदा तोंड उघडायला मिळावं, तिचा आवाज, तिचं बोलणं ऐकू यावं यासाठी ती ठरलेली सुरुवात असते. उत्तर माहीत असलेला प्रश्न मुद्दाम विचारतात, म्हणजे ती अडखळत नाही. मामाचं गाव मात्र खरंच माहितीसाठी विचारतात. आजोळ कळलं की नात्यातलं कोणी जुळतं का, दोन घरं आधीच भावकीत येतात का, हे लगेच लक्षात येतं. मराठा घरांत देवकही त्यासाठीच बघतात, एक देवक असलं तर सोयरीक होत नाही.
खटकतं ते त्यानंतरचं. एकामागून एक पाच जण पाच प्रश्न विचारतात आणि मुलाला कोणी काही विचारत नाही. त्यावर उपाय यजमानांच्याच हाती आहे. ताईने नाव, शिक्षण सांगितलं की लगेच बाबांनी मुलाकडे वळावं, "आणि तुमचं ऑफिस पुण्यात कुठल्या बाजूला? जायला किती वेळ लागतो?" तपासणी दोन्हीकडून झाली की ती तपासणी वाटत नाही.

जर्सीतला_जोशी · सकाळी ७:५०
आमचं प्रकरण वेगळं आहे. मी इथे न्यू जर्सीत, मुलगी ठाण्यात, पहिली भेट व्हिडिओ कॉलवर. दोन्हीकडचे आई-बाबाही जोडलेले. सहा माणसं एकदम "नमस्कार" म्हणाली, मग सगळे गप्प, मग पुन्हा सगळे एकदम. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

मंडळातली · सकाळी ८:१०
एकाने नाव घेऊन बोलायचं. "मुलीचे बाबा, नमस्कार, मी मुलाची आई" असं. कॉलवर कोण कोणाकडे बघतंय ते कळत नाही, त्यामुळे नाव न घेता टाकलेला प्रश्न सगळ्यांचा होतो. ज्येष्ठांनी दहा मिनिटांत निरोप घ्यावा आणि दोघांनी तोच कॉल पुढे न चालवता वेगळा लावावा. नाहीतर ठाण्यात मागच्या सोफ्यावर कोण बसलंय ते तुम्हाला दिसणार नाही.

पंचवटीकर · सकाळी ९:००
फाटकाशी थांबायचं पटलं. मध्यस्थ नाहीत तर ओळख कोणी करून द्यायची?

वऱ्हाडी_ठेचा · सकाळी ९:४०
आमच्या इकडे आधी पाहुण्यांतला मोठा माणूस आपली मंडळी सांगते, मग घरचा आपली. तुमच्याकडे मामाजी आहेत ना, त्यांनाच सुरुवात करू द्या जी. वडील नसले की मामाचा मान मोठा असते.

मंडळातली · सकाळी १०:२५
वऱ्हाडी_ठेचा अगदी बरोबर. मामांना मध्यस्थांकडून आधीच कळवा की बसल्यावर ओळख त्यांनी करून द्यावी. नुसतं "ही आमची मंडळी" नको. प्रत्येकाचं नातं आणि बोलणं पुढे न्यायला एक धागा, एवढं हवं: "ही मुलाची आई. ही माझी भाची, औंधला असते. हे जावई, यांचं शिक्षण तुमच्या नाशिकलाच झालं." यातलं शेवटचं वाक्य पुढची पाच मिनिटं चालवतं.

ही ओळख न झाल्याने होणारी हमखास चूक म्हणजे भलत्यालाच नवरा मुलगा समजणं. दोन तरुण शेजारी बसलेले असतात, मुलगी किंवा आजी जावयाकडे बघून बोलू लागते. फोटोत दाढी असते, प्रत्यक्षात नसते, म्हणून फोटोवर विसंबू नका. तुमच्याकडे जावई आहेत, तेव्हा हे नक्की सांभाळा.

बसण्याची व्यवस्था अशी करा. मोठ्या सोफ्यावर मुलाची आई, मामी आणि बहीण. एकेरी खुर्च्यांवर मामा आणि बाबा. मुलगा आणि ताई यांच्या खुर्च्या अगदी समोरासमोर नको, काटकोनात ठेवा. समोरासमोर बसलं की नजर कुठे ठेवावी कळत नाही, दोघंही बशीकडे बघत राहतात. आजीला अशा जागी बसवा की मुलगा तिच्या उजव्या हाताला येईल. तो डावीकडे बसला तर तो काय बोलतोय ते तिला ऐकू येणार नाही, ती मोठ्यांदा "काय म्हणाला?" विचारेल आणि तो बिचारा तेच वाक्य तीनदा म्हणेल.

वडिलांबद्दल एक सांगते. "वडील काय करतात?" हा बाबांच्या तोंडी बसलेला प्रश्न असतो, सवयीने निघून जातो. आधी आठवण करून द्या. विषय त्यांच्याकडूनच निघाला तर "हो, बायोडेटात वाचलं" म्हणून थांबायचं. कसं झालं, कधी झालं ते पहिल्या भेटीत नाही विचारायचं. निघताना हळदीकुंकवाचा मुद्दा येतो. बहिणीला आणि मामींना कुंकू लावायचं आणि आईला वगळायचं, असं जुन्या सवयीने होतं आणि त्या बाईंना ते दारात उभं राहून बघावं लागतं. लावायचं तर तिघींना लावा, नाहीतर कुणालाच नको.

जुनंतेसोनं · सकाळी ११:१०
आईंना लावायचं म्हणता? त्यांनाच आवडलं नाही तर? आमच्याकडे अशा बायका स्वतःच नको म्हणतात. तुमच्यामुळे उलट अवघडल्यासारखं होईल.

मंडळातली · सकाळी ११:३०
हेही होतं, नाकारत नाही. म्हणूनच "नाहीतर कुणालाच नको" म्हटलं. नारळ आणि फूल तिघींच्या हातात दिलं तरी पुरतं.

पंचवटीकर · दुपारी १:०५
आईने "तिघींना फुलं" म्हणून निकाल दिलाय. नमस्काराचं सांगा. ताई म्हणते वाकायचं तर मुलानेही वाकायला हवं.

झणझणीत · दुपारी १:२०
आमच्यात सगळ्यांच्या पाया पडत्यात. जावयाच्यासुद्धा.

मंडळातली · दुपारी २:००
ताईचं बरोबर आहे आणि ते भांडणाशिवाय जमतं. क्रम ठरवून घ्या. ओळख करून देताना मामा "हा आमचा भाचा" म्हणाले की मुलाने उठून आधी आजीला, मग तुमच्या आई-बाबांना नमस्कार करावा. त्याने तो केला की ताईला बाहेर बोलवा. ती त्याच क्रमाने त्याच्या आईला, मग मामा-मामींना नमस्कार करील. आई-वडिलांच्या पिढीपाशी थांबायचं. मोठी बहीण आणि तिचे यजमान यांना हात जोडून नमस्कार. कोल्हापूरकडची पद्धत वेगळी असेल, पण तुमची पाहुणे मंडळी पुण्याहून येताहेत. मुलगा वाकला नाही, नुसते हात जोडले, तर ताईनेही हातच जोडावेत. कोणी त्याला नाव ठेवत नाही.
एक बारीक गोष्ट. ताईने वाकायला सुरुवात केली की बरेचदा मुलाची आई "अगं राहू दे, राहू दे" म्हणत खांदा धरते. तिथे अर्ध्यात थांबू नये आणि पुढच्या माणसाला सोडूही नये. एकीला केला, दुसरीला राहिला, हे लोक वर्षभर लक्षात ठेवतात. आणि मधलं टीपॉय आधीच भिंतीला सरकवा. तीन फूट जागा नसली तर वाकताना पाण्याचे पेले जातात.

अभिवादनाला शब्द "नमस्कार" ठेवा. समोरून "राम कृष्ण हरी" आलं, "जय भीम" आलं, "जय जिनेंद्र" आलं, तर तोच शब्द परत द्यावा, वेगळा नको. गोव्याकडची माणसं निघताना "देव बरें करूं" म्हणतात, त्यावर हसून हात जोडले तरी चालतं.

हिशोबनीस · दुपारी २:१५
पोहे किती करायचे, ते तरी कोणी सांगा. माझ्या पठडीतला प्रश्न आहे.

मंडळातली · दुपारी २:४०
घ्या, तुमच्यासाठी. अकरा मोठी माणसं आणि एक पोर. माणशी ८० ग्रॅम जाडे पोहे धरले की ९०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक किलोचं पाकीट पुरतं. फोडणी, कांदा, शेंगदाणे आधी परतून कढईत ठेवा. पोहे सिन्नरच्या फोनवर भिजवू नका, फाटकाशी गाडी दिसली की चाळणीत धुवा. ओळखपाळख होईस्तोवर दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात ते मऊ होतात आणि मग एक वाफ. लवकर भिजवले की लगदा, आधी करून ठेवले की कोरडे, आणि पाहुणे पाण्याचा पेला सोडत नाहीत.

निळीशाई · संध्याकाळी ६:३०
गॅलरीतल्या बोलण्याबद्दल मी लिहिते, कारण तिथेच सगळ्यांची गाडी अडते.

कधी: पोहे संपून चहा येण्याच्या आधी. चहानंतर लोक निघायच्या तयारीत असतात, मग त्या दोघांच्या बोलण्यावर घड्याळ टांगलेलं राहतं. "तुम्ही दोघं जरा गॅलरीत बोला" हे मुलाच्या बहिणीने म्हटलं तर सगळ्यात बरं. ती त्यांच्याच वयाची असते, त्यामुळे ते हुकूम वाटत नाही. वेळ पंधरा-वीस मिनिटं. गॅलरीचं दार लोटलेलं असावं, बंद नको, आणि पोराला त्या वेळी तुम्ही खाली झोपाळ्यावर न्या. नाहीतर ते गॅलरीत आपल्या मामाच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्याच, मांडीवर जाऊन बसतं.

बोलणं कसं अडतं ते बघा:
"हॉबीज काय तुमच्या?"
"वाचन, ट्रेकिंग."
"अच्छा."
इथे पुढे जायला वाट नाही. बायोडेटातली ओळ परत विचारली की बायोडेटातलंच उत्तर येतं, आणि "वाचन" बहुतेक वेळा जागा भरायला लिहिलेलं असतं. आता हे:
"चाकणला किती वेळ अडकलात?"
"सव्वा तास. भाचा 'अजून किती' म्हणून डोकं खात होता."
"मग गाडीत त्याला कोणी सांभाळलं?"
"मीच. मला त्याची सगळी गाणी पाठ आहेत आता."
या तीन-चार वाक्यांत घर दिसतं, स्वभाव दिसतो आणि विचारणारीला पुढचं सुचतं. पहिली पाच मिनिटं आजच्या दिवसाबद्दल बोला. मग "रविवार साधारण कसा जातो?" यातून नोकरी, मित्र, घरकाम, झोपेची वेळ सगळं न विचारता येतं. पगार, पूर्वीचं कोणी, लग्नानंतर कुठे राहायचं, हे महत्त्वाचं आहेच, पण पहिलं वाक्य म्हणून नको.

एक प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत, दहाव्या मिनिटाच्या पुढे, हळू आवाजात विचारावाच: "तुम्हाला स्वतःला आत्ता लग्न करायचंय ना?" उत्तरात "घरचे म्हणतील तसं" आलं तर लगेच नकार समजू नका, लाजेनेही येतं. एकदा वेगळ्या शब्दांत विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं आणि नजर सारखी दाराकडे जात असेल, तर घरी सांगायचं की थांबूया. समोरच्याचं नाव पुढे न करता.

जुनंतेसोनं · संध्याकाळी ७:००
आणि "तुम्ही"च म्हणावं. हल्लीची मुलं थेट "तू"वर येतात, ऐकवत नाही.

निळीशाई · संध्याकाळी ७:१२
फोनवर आधीच "तू" चालू असेल तर बैठकीत अचानक "अहो" म्हणणं नाटक वाटतं. मोठ्यांसमोर नाव न घेता वेळ मारून न्यावी आणि गॅलरीत हवं ते म्हणावं.

वऱ्हाडी_ठेचा · संध्याकाळी ७:२०
दोघं एकमेकांना "तू" म्हणाले न् पाहुण्यांनी ऐकलं, तर ते म्हणतील आधीचंच जमलेलं दिसते. आमच्या इकडे त्याचा अर्थ निघते.

निळीशाई · संध्याकाळी ७:२४
निघू दे की.

मंडळातली · संध्याकाळी ७:४५
यावर मंडळातही एकमत नाही. एवढंच सांगते की मुलाच्या आईला "काकू" म्हणावं. पहिल्या भेटीत "आई" म्हटलं की त्यांनाही पेच पडतो. आणि निघताना कोणी "कळवतो" म्हटलं तर "कधी?" असं दारात विचारू नका, मध्यस्थ दोन दिवसांनी विचारतील.

पंचवटीकर · रात्री ९:५०
एक राहिलं. आजीने पाचशेची नोट काढून ठेवलीय. मुलगा पाया पडला की त्याच्या हातात देणार म्हणते, ऐकत नाही.

झणझणीत · रात्री १०:०२
थांबवा तिला. आमच्याकडं पाहुण्यांनी पोरीच्या हातात पैसं ठेवलं म्हणजे पसंत. तुमच्याकडनं मुलाच्या हातात गेलं, तर त्या मामानं काय समजायचं?

मंडळातली · रात्री १०:१०
नाशिककडे प्रत्येक घरात तसा अर्थ लावत नाहीत, पण मामा कुठले आहेत ते तुम्हाला माहीत नाही. नोट पोराच्या हातात द्यायला सांगा. आजीचं देणंही होईल आणि त्याचा अर्थ कोणी काढणार नाही.

पंचवटीकर · रात्री १०:१८
सांगितलं. आजी म्हणते, पोराला शंभर पुरेत.